आधी रुपये कर, मग बेरीज

पोरी, आता परदेश दौऱ्यांची बिलं तुझ्या टेबलावर येतील. समज, दुबई, जर्मनी आणि जपान करून आलेल्या साहेबांचा खर्च आहे 400 दिरहम, 150 युरो, 18,000 येन आणि 240 अमेरिकी डॉलर. एक्सेलमध्ये हे आकडे एकाखाली एक टाकून बेरीज मारलीस तर 18,790 येतील आणि यंत्र हूं की चूं करणार नाही. रकमेपुढचं चिन्ह हा नुसता दिखावा असतो, बेरजेला ते दिसत नाही. म्हणून रकमेच्या रकान्यात बेरीज कधी मारायचीच नाही.

प्रत्येक ओळीला चार रकाने कर: रक्कम, दर, तो दर किती नगांचा, आणि रुपये. तिसरा रकाना पुष्कळजण गाळतात आणि तिथेच फसतात. आपल्याकडे येनचा दर 100 येनला सांगतात. कस्टमच्या दरपत्रकातही तसाच असतो. तुला दिलेले दर असे धर: डॉलर 85, युरो 92, दिरहम 23, आणि 100 येनला 57.83.

आता एकेक ओळ सोडव. डॉलरचे 20,400, युरोचे 13,800, दिरहमचे 9,200. येनला आधी 100 ने भागायचं, म्हणजे 180, त्याला 57.83 ने गुणलं की 10,409.40. चारही रुपयांत आले, आता खुशाल बेरीज मार: 53,809.40. येनला भागायला विसरलीस तर त्या एकाच ओळीत दहा लाखांच्या वर रुपये दिसतील.

दर मध्येच छाटू नकोस. एका येनचे 0.5783 म्हणजे 0.58 धरू, असं केलंस तर या एका ओळीत 30 रुपये 60 पैसे वाढतात. पूर्णांक करायचा तो शेवटच्या बेरजेचा.

ओळ सोडवली की नजर टाक. डॉलर, युरो, दिरहम यांचे रुपये मूळ आकड्यापेक्षा जास्तच यायला हवेत आणि येनचे कमी. उलटं दिसलं तर गुणायच्या जागी भागलंस किंवा 100 चा घोळ झाला.

दर कुठला, हे मात्र स्वतः ठरवायचं नाही. बँक परकी नोट विकते महाग, घेते स्वस्त, त्यामुळे एकाच दिवशी एकाच चलनाचे दोन दर असतात. कंपनीचा नियम विचार, आणि बेरजेखाली दराची तारीख, तो खरेदीचा की विक्रीचा, आणि कुठून घेतला हे लिही. सहा महिन्यांनी ऑडिटर विचारेल तो हेच, आणि तेव्हा दर बदललेला असेल.