ऱ्हस्व-दीर्घाचे शेवटच्या तासाचे टिपण

इंदूर किंवा ग्वाल्हेरचा विद्यार्थी दिवसभर हिंदी वाचतो आणि मराठीचा पेपर लिहायला बसतो. ‘शुद्धलेखन’ हा घटक त्याने वर्षभर अभ्यासलेला असतो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम व १९७२ची चारांची भर मिळून झालेले अठरा नियमही त्याच्या वहीत उतरवलेले असतात. परीक्षेआधीच्या तासात ते अठराही पुन्हा वाचणे व्यर्थ आहे. त्या तासासाठी एका पोस्टकार्डाएवढे टिपण पुरते. मात्र ते पाठ्यपुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या तपासलेल्या वहीतून तयार व्हावे.

त्यासाठी शिक्षकांनी तपासलेले तीन निबंध घ्यावेत आणि लाल शाईने खूण केलेला प्रत्येक शब्द एकाखाली एक उतरवावा. समजा, असे चौदा शब्द निघाले. कवि, शक्ति, मूर्ति, स्थिति, नीति, वस्तु, साधु हे सात. गरीबांना, फूलांचा, वकीलाने, जमीनीवर हे चार. शिक्षकानी, लोकाना हे दोन. आणि पाहीजे हा एक. मोजताना चुका चौदा दिसतात, पण कारणे चारच आहेत. ‘पाहीजे’ एकदाच आलेला आहे. तो टिपणातून खुशाल वगळावा.

सर्वांत मोठा गट हिंदीच्या सवयीचा आहे. या सातही शब्दांचे हिंदी लेखन ऱ्हस्वान्तच आहे, म्हणून डोळ्यांना ते चुकीचे वाटत नाही. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात : कवी, शक्ती, वस्तू. पण टिपणात एवढेच लिहिले तर दुसरी चूक जन्माला येते. विद्यार्थी धडाक्याने ‘आणी’, ‘परंतू’, ‘कवीसंमेलन’ लिहू लागतो. म्हणून नियमाच्या शेजारी त्याची हद्दही लिहावी. आणि, परंतु, तथापि, अति यांचा शेवट ऱ्हस्वच राहतो. तसेच मुळात ऱ्हस्वान्त असलेला तत्सम शब्द समासात आधी आला की तो ऱ्हस्वच राहतो : कविसंमेलन, मूर्तिकार, शक्तिस्थान. नदी, लक्ष्मी हे शब्द मुळातच दीर्घ असल्यामुळे नदीकाठ, लक्ष्मीपूजन असे लिहायचे. प्रत्यय लागला तर तो समास नव्हे. तिथे कवीने, वस्तूंचा असे दीर्घच. हे सगळे एका शब्दात ठेवायचे असेल तर ‘वस्तुस्थिती’ हा शब्द टिपणाच्या माथ्यावर लिहावा. त्यातला ‘स्तु’ समासाचा म्हणून ऱ्हस्व आणि ‘ती’ शेवटचा म्हणून दीर्घ.

दुसऱ्या गटातले गरीब, फूल, वकील, जमीन हे शब्द मुलाला बरोबर येतात. चूक होते ती प्रत्ययापूर्वी. सामान्यरूपात उपान्त्य अक्षर ऱ्हस्व होते : गरिबांना, फुलांचा, वकिलाने, जमिनीवर. शरीर, गीत यांसारखे तत्सम शब्द मात्र बदलत नाहीत : शरीरात, गीतात. ‘लाकूड’चे ‘लाकडाला’ होते, पण ते कानालाच कळते. त्याला जागा देऊ नये.

तिसऱ्या गटासाठी कानाची परीक्षा नको, प्रत्यय पाहावा. नामाला ‘नी’ किंवा ‘ना’ लागला असेल तर आधीच्या अक्षरावर अनुस्वार हवा : लोकांना, शिक्षकांनी. शिक्षक एकच असले तरी आदरार्थी रूपात तो येतोच.

टिपणावर चुकीचे रूप लिहू नये, असे माझे मत आहे. शेवटच्या तासात डोळा आकार टिपतो. ‘शक्ति’वर काट मारली तरी डोळ्यांत ‘शक्ति’च राहतो. त्याऐवजी डाव्या बाजूला प्रश्न लिहावा आणि उजवीकडे बरोबर रूप :

शब्दाचा शेवट? — शक्ती, वस्तू. पण आणि, परंतु
समासात आधी? — मूर्तिकार, वस्तुस्थिती, पण नदीकाठ
प्रत्ययापूर्वी? — गरिबांना, फुलांचा, पण शरीरात
नी, ना? — शिक्षकांनी, लोकांना

उजवी बाजू हाताने झाकून उत्तरे कागदावर लिहावीत. नुसती मनात म्हणून भागत नाही, कारण ऱ्हस्व आणि दीर्घ उच्चारात बहुधा सारखेच निसटतात. मग कुणाकडून तरी एक वाक्य सांगून घ्यावे : ‘मूर्तिकाराने गरिबांना मूर्ती दिल्या आणि शिक्षकांनी वस्तुस्थिती सांगितली.’ ज्या जागी अडेल, तेवढीच ओळ पुन्हा पाहावी. सगळ्याच ओळी अडल्या तर मात्र टिपणाचा उपयोग नाही. तो घटक मुळातून शिकायचा राहिला आहे आणि ते काम तासाभराचे नव्हे.

पेपर संपल्यावर पाच मिनिटे उरली तर पूर्ण उत्तर वाचत बसू नये. याच चार जागा शोधत शब्दांच्या शेवटांवरून नजर फिरवावी.