पाच तारखेचा हिशेब : भेस्तानमधून काही अनुभवाचे बोल

सुरतेहून मुंबईकडे निघालं की उधना आणि सचिनच्या मध्ये भेस्तान लागतं. उधन्यालाच ताप्ती लाइन फुटते, नंदुरबार-अमळनेर करत जळगावकडे जाते, आणि त्याच लाइनीने आमची खानदेशी माणसं इकडे आली. कोणी लूमवर, कोणी पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये, कोणी फोल्डिंगला. मी मिलच्या ऑफिसात हजेरी आणि पगाराचं काम करतो. त्यामुळे दर एप्रिलमध्ये आळीतली पासबुकं माझ्याकडे येतात आणि प्रश्न ठरलेला असतो : "भाऊ, व्याज कमी का पडलं?" बहुतेक वेळा उत्तर एकाच नियमात सापडतं. पीपीएफवर त्या महिन्याचं व्याज पाच तारखेच्या कामकाजानंतर ते महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावर मिळतं. वाक्य एवढंच आहे, पण त्यातून काय काय निघतं हे पासबुकं तपासतानाच कळत गेलं.

१. पाच तारीख धरली जाते, सहा धरली जात नाही

पुष्कळांना वाटतं की पैसे पाचच्या आधी, म्हणजे चारपर्यंत भरले पाहिजेत. तसं नाही. शिल्लक पाहायला सुरुवात होते ती पाच तारखेचं काम संपल्यावर, त्यामुळे पाचला जमा झालेला हप्ता त्या महिन्यात मोजला जातो. सहाला जमा झालेला मात्र पंचवीस दिवस खात्यात बसूनही त्या महिन्यापुरता रिकामाच.

तारीख कोणती धरायची, तर खात्यात नोंद पडल्याची. चेकने भरणा केला तर चेक वटल्याची तारीख हीच भरण्याची तारीख. चारला चेक टाकला आणि तो सहाला वटला, तर तो महिना गेला. पाचला सुट्टी आली म्हणून नियम एक दिवस पुढे सरकत नाही. २०२६ चा एप्रिल बघा : एकला बँकांचं वार्षिक हिशेबाचं काम, तीनला गुड फ्रायडे, पाचला रविवार. काउंटरवर जाऊन भरणाऱ्याच्या हाती खरे दिवस दोनच, गुरुवार दोन तारीख आणि शनिवार चार. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावायचीच तर एक किंवा दोन तारखेची लावा, पाचची नको.

२. पगाराची तारीख आणि पीपीएफची तारीख जुळत नाही

आमच्याकडची खरी अडचण इथे आहे. १९३६ च्या वेतन कायद्याने हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेपर्यंत आणि जास्त असतील तर दहापर्यंत पगार देण्याची मुभा होती. नव्या वेतन संहितेतही मासिक पगाराला सात तारखेपर्यंतची मुदत आहे. मालक मुदतीच्या टोकालाच पगार करतो, त्यात बेकायदा काही नाही. पण महिन्याच्या एकला पगार घेणाऱ्या सरकारी नोकराला जो नियम सहज पाळता येतो, तोच मिलच्या कामगाराकडून दर महिन्याला दोन-तीन दिवसांनी चुकतो. आठला पैसे हातात, आठलाच भरणा, आणि व्याज पुढच्या महिन्यापासून.

३. पाच तारीख उलटली की घाई संपली

नियमाची ही बाजू फार कमी लोक पाहतात. आठ एप्रिलला भरलेल्या पैशावर व्याज सुरू होतं मे महिन्यापासून. तेच पैसे चार मेला भरले तरी व्याज मेपासूनच. पीपीएफच्या दृष्टीने दोन्ही तारखा सारख्या. मग आठला धावपळ करून पैसे पंधरा वर्षांच्या खात्यात कशाला अडकवायचे? ते बचत खात्यात राहू द्या. बँकांच्या बचत खात्यावर १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज धरतात, तेव्हा चार पैसे तिथे सुटतात आणि मधल्या दिवसांत दवाखाना निघाला तर रक्कम हाताशी असते. पुढच्या महिन्याच्या दोन-तीन तारखेला भरणा करा.

याला अपवाद मार्चचा. वर्षाची दीड लाखाची मर्यादा आणि जुन्या करपद्धतीतली ८०सीची वजावट ३१ मार्चला बंद होते. ज्याला त्या वर्षाचा कोटा वापरायचा आहे त्याने मार्चमध्येच भरावं, मात्र त्या भरण्यावर मार्चचं व्याज मिळणार नाही हे धरून.

४. एका हप्त्याची शिल्लक आधी बाजूला काढावी लागते

नुसतं थांबल्याने पीपीएफचं व्याज वाढत नाही, फक्त बुडत नाही. वाढवायचं तर एकदाच एका हप्त्याएवढी रक्कम वेगळी उभी करावी लागते. दिवाळीचा बोनस त्यासाठी बरा. समजा हप्ता पाच हजारांचा आहे. बोनसमधले पाच हजार बचत खात्यात ठेवले आणि एप्रिलच्या दोनला तेच पीपीएफमध्ये भरले. एप्रिलच्या आठला हातात आलेल्या पगारातले पाच हजार बचत खात्यात गेले, ते मेच्या दोनला भरायचे. असं चक्र एकदा लागलं की पगार कधीही होवो, हप्ता वेळेवर जातो.

फायदा किती? सध्याच्या ७.१ टक्के दराने वर्षाला ३५५ रुपये. यात जादू काही नाही. पाच हजारांचं एका वर्षाचं व्याज बरोबर ३५५ होतं, कारण तुम्ही पाच हजार रुपये एक महिना आधी खात्यात शिरवले आणि तो एक महिना कायमचा पुढे राहिला. दर असाच राहिला तर पंधरा वर्षांत चक्रवाढीने ते नऊ हजारांच्या आसपास जातात.

वर्षाचे दीड लाख एकदम भरणाऱ्याचंही गणित हेच. पाच एप्रिलपर्यंत भरले तर त्या पैशावर वर्षाचं व्याज १०,६५० रुपये. सहाला भरले तर ९,७६२ रुपये ५० पैसे. फरक ८८७ रुपये ५० पैसे, म्हणजे दीड लाखाचं एका महिन्याचं व्याज.

५. पैसे काढताना अठ्ठावीस तारीख सर्वांत महाग

भरण्याची तारीख सगळे सांभाळतात, काढण्याची कोणी विचारत नाही. नियम मात्र दोन्हीकडून चालतो. सत्तावीस दिवस खात्यात पूर्ण रक्कम होती आणि अठ्ठावीसला काढली, तरी त्या महिन्याची सर्वांत कमी शिल्लक ठरते ती काढल्यानंतरची.

शेजारच्या एका दादांचं पासबुक घेऊन बसलो होतो, त्यातले आकडे सोपे करून सांगतो. एक एप्रिलला शिल्लक ४,५०,०००. दर महिन्याच्या आठला ५,००० भरणा. अठ्ठावीस जानेवारीला मुलीच्या लग्नासाठी ६०,००० काढले. जानेवारीची ओळ अशी लिहायची : पाच तारखेला संध्याकाळी ४,९५,०००, आठला ५,००,०००, अठ्ठावीसला ४,४०,०००. सर्वांत लहान आकडा ४,४०,०००, जानेवारीचं व्याज त्याच्यावर. लग्न फेब्रुवारीच्या मध्यावर होतं. चार-पाच दिवस थांबून एक-दोन फेब्रुवारीला पैसे काढले असते, तर जानेवारी ४,९५,००० वर मोजला गेला असता. त्या एका ओळीचा फरक ३२५ रुपये. वर्षभर आठ-आठ तारखेला भरून जेवढं गेलं, जवळजवळ तेवढं एका तारखेत गेलं.

म्हणून गरज थांबू शकत असेल तर महिनाअखेरीला पैसे काढू नका, पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसांत काढा. मागचा महिना पूर्ण पदरात पडलेला असतो.

६. व्याज तपासायचं तर बारा ओळी लिहा

व्याज दर महिन्याला मोजलं जातं, पण जमा होतं वर्षातून एकदा, ३१ मार्चला. म्हणून चालू वर्षाचं व्याज मध्येच शिलकीत मिळवायचं नाही. एका कागदावर एप्रिल ते मार्च बारा ओळी काढा, प्रत्येकीसमोर त्या महिन्याची सर्वांत कमी शिल्लक लिहा, बेरीज करा, ७.१ ने गुणा आणि १२०० ने भागा. दादांची बेरीज आली ५५,५५,०००, व्याज ३२,८६७ रुपये. पासबुकातही तेवढंच होतं. सगळे हप्ते पाचपर्यंत आणि उचल एक फेब्रुवारीला असती, तर बेरीज ५६,७०,००० आणि व्याज ३३,५४७ रुपये ५० पैसे झालं असतं. बँकेने काही खाल्लं नव्हतं, ६८० रुपये तारखांनी खाल्ले होते.

एक सावधगिरी : एप्रिल २०२० पासून दर ७.१ वर थांबलेला आहे म्हणून एकदाच गुणून चालतं. सरकार दर तिमाहीला दर जाहीर करतं. २०१९-२० सालात पहिली तिमाही ८ टक्क्यांची होती आणि पुढच्या तीन ७.९ च्या. अशा वर्षी प्रत्येक तिमाहीच्या ओळींची बेरीज वेगळी करून तिला तिचा दर लावावा लागतो. तरीही शंभर-दोनशेचा फरक उरला तर एखाद्या भरण्याची नोंद कोणत्या तारखेला पडली ते पाहा, बहुधा पाच तारखेच्या भरण्याला सहाचा शिक्का सापडेल. रुपया-दोन रुपयांसाठी काउंटरवर भांडू नका.

७. पाच तारखेसाठी व्याजाने पैसे काढू नका

हा नियम समजला की काहींना त्याचा ध्यास लागतो. आमच्या आळीतला एक पोरगा पाच तारीख गाठायची म्हणून दोन-तीन दिवसांसाठी शेकडा तीन रुपयांनी पाच हजार घ्यायला निघाला होता. सावकार तीन दिवसांचंही पूर्ण महिन्याचं व्याज घेतो, म्हणजे दीडशे रुपये. पाच हजारांचा पीपीएफमधला एक महिना चुकला तर जातात २९ रुपये ५८ पैसे. मी त्याला दोन्ही आकडे एकाखाली एक लिहून दाखवले आणि विचारलं, "तीस वाचवायला दीडशे देशील का?" तारीख चुकली तर चुकू द्यायची. पुढच्या पाच तारखेपर्यंत सबंध महिना मोकळा आहे, आणि तेवढ्यात पगार होतोच.