चित्रफितीचे जतन : कोडेक आणि कंटेनर यांची निवड

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
- कोडेक आणि कंटेनर यांतील फरक सांगू शकाल;
- जतनासाठी योग्य जोडी निवडून तिची कारणे देऊ शकाल;
- तयार झालेली प्रत मूळ चित्रांशी ताडून पाहू शकाल.

१. प्रस्तावना

एका क्रीडा मंडळाकडे १९९५ सालच्या कबड्डी सामन्याची एक तासाची व्हीएचएस फीत आहे, असे समजा. खेळाडूच्या पाठीवरील क्रमांक वाचणे आणि चढाई करणाऱ्याचे पाऊल रेषेला लागले की नाही हे पाहणे, ही कामे पुढे संगणकाकडून करून घ्यायची आहेत. फीत दर वर्षी झिजते. व्हीसीआर बनवणारी अखेरची ज्ञात कंपनी, जपानमधील फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणून जी प्रत आज तयार होईल, तीच पुढे मूळ मानावी लागेल.

२. कोडेक आणि कंटेनर

कोडेक म्हणजे चित्रे थोड्या जागेत मावतील अशा संकेतांत मांडण्याची व ती पुन्हा उलगडण्याची पद्धत. कंटेनर म्हणजे ते संकेत, ध्वनी आणि चित्रांविषयीची माहिती एकत्र ठेवणारी पेटी. एमपी४ आणि मात्रोस्का हे कंटेनर आहेत, एच.२६४ आणि एफएफव्ही१ हे कोडेक आहेत. चित्राचा तपशील टिकतो की जातो, हे कोडेकवर ठरते. केवळ पेटी बदलल्याने चित्र सुधारत नाही आणि बिघडतही नाही.

३. तपशील कोठे हरवतो?

एच.२६४ सामान्य वापरात हानियुक्त असतो. डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील तो गाळतो. माणसाला ते चित्र स्वच्छ वाटते. परंतु दहा-पंधरा बिंदू उंचीच्या क्रमांकाच्या कडा चौकटी-चौकटींत विरघळतात आणि संगणकाला ३ व ८ यांतील भेद कळेनासा होतो. गाळलेला तपशील पुन्हा मिळवता येत नाही.

दुसरी हानी काळाची असते. भारतात वापरल्या गेलेल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात. परंतु प्रत्येक चित्रातील सम आणि विषम ओळी १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेल्या असतात. जतन करतानाच या ओळी मिसळून २५ सलग चित्रे केली, तर चपळ पावलाचे निम्मे क्षण नाहीसे होतात. म्हणून ओळींची मूळ रचना जशीच्या तशी ठेवावी. ती उलगडून सेकंदाला ५० चित्रे करण्याचे काम पृथक्करणाच्या प्रतीवर करावे.

४. निवड आणि तिची किंमत

अशा फितीसाठी मात्रोस्का पेटीत एफएफव्ही१ ही जोडी योग्य ठरते. एफएफव्ही१ हानिरहित आहे : उलगडल्यावर प्रत्येक बिंदू पूर्वीसारखाच मिळतो. एफएफव्ही१चे विवरण आयईटीएफ या संस्थेने २०२१ मध्ये आणि मात्रोस्काचे २०२४ मध्ये प्रसिद्ध केले आहे. त्यामुळे उद्या जुनी साधने नाहीशी झाली, तरी विवरण वाचून नवे साधन लिहिता येईल.

किंमत जागेची आहे. ७२० × ५७६ बिंदू, प्रत्येकी सरासरी २० बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरल्यास, संकोचनाविना एका तासाला सुमारे ९३ गिगाबाइट लागतात. एफएफव्ही१ ही जागा बरीच कमी करतो. मात्र फितीवरील खरखर जितकी अधिक, तितकी बचत कमी. सेकंदाला ४ मेगाबिटची एच.२६४ प्रत तासाला सुमारे १.८ गिगाबाइटच घेते. ती पाहण्यासाठी ठेवावी, जतनासाठी नव्हे.

५. कृती आणि पडताळणी

फितीवरून संकोचनाविना घेतलेली फाइल `source.mov` असेल, तर एफएफएमपेग या साधनाला पुढील आज्ञा द्यावी :

```
ffmpeg -i source.mov -map 0:v -map 0:a -c:v ffv1 -level 3 -g 1 -slicecrc 1 -c:a copy master.mkv
```

`-slicecrc 1` मुळे चित्राच्या प्रत्येक तुकड्यासोबत तपासणीचा अंक साठवला जातो. पुढे फाइल बिघडली, तर बिघाड कोठे आहे ते कळते. त्यानंतर दोन्ही फाइलींतील चित्रांचे ठसे काढावेत :

```
ffmpeg -i source.mov -map 0:v -f md5 -
ffmpeg -i master.mkv -map 0:v -f md5 -
```

दोन्ही ठसे तंतोतंत जुळले, तरच प्रत खरी. ते जुळले नाहीत, तर वाटेत रंगांची मांडणी किंवा चित्रांची संख्या बदलली आहे का, हे प्रथम पाहावे.

६. मर्यादा

मोबाइलने किंवा डीव्ही कॅमेऱ्याने टिपलेले चित्र आधीच संकोचित असते. ते एफएफव्ही१ मध्ये आणल्याने जागा वाढते. गेलेला तपशील परत येत नाही. तेथे मूळ फाइलच जशीच्या तशी जपावी.

पाठान्त प्रश्न

१. कंटेनर बदलल्याने चित्राचा तपशील का वाढत नाही?
२. सम आणि विषम ओळी जतनाच्या वेळीच मिसळल्यास कोणती हानी होते?
३. एका मंडळाकडे मोबाइलवर टिपलेली एच.२६४ फाइल आहे. त्यांनी ती एफएफव्ही१ मध्ये रूपांतरित करावी का? सकारण लिहा.