फोटोतला सैल शर्ट

अकोल्याच्या जठारपेठेत माझं तयार कपड्यांचं छोटं दुकान आहे. माल घ्यायला अमरावतीला जातो. सिटीलँड, बिझीलँडमध्ये हिंडून, कापड हातात घेऊन, मगच सेट बांधायला सांगतो. दोन वर्षांपूर्वी लग्नसराईत दुकान सोडता येईना, म्हणून एका व्यापाऱ्यानं मोबाइलवर पाठवलेल्या फोटोंवरून ४८ हाफ शर्ट मागवले. फोटोत बारीक अंगाचा मुलगा, अंगावर ऐसपैस शर्ट, खाली लिहिलेलं ‘ओव्हरसाइज’. कॉलेजची मुलं हेच मागत होती.

पहिल्याच आठवड्यात एक मुलगा एक्सएल घालून आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “काका, हे ओव्हरसाइज नाही. मोठ्या भावाचा शर्ट घातल्यावानी वाटते.” त्याच्या नेहमीच्या मापाचा एल दिला, तर तो साधा शर्ट निघाला. त्या महिन्यात चारच शर्ट गेले.

शेजारच्या टेलर मास्तरांकडे शर्ट नेला. त्यांनी एल साइजचा शर्ट टेबलावर सपाट पसरला, बटणं लावली आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप धरली. २२ इंच भरले. दुप्पट केले की शर्टाची छाती ४४. एल आम्ही ४० छातीच्या माणसाला देतो, म्हणजे अंगापेक्षा कापड ४ इंच जास्त. या जादा कापडाला मास्तर ‘लूज’ म्हणतात. विणलेल्या कापडाच्या शर्टात साधारण २ ते ३ इंच लूज असेल तर स्लिम, ४ ते ५ असेल तर रेग्युलर, ६ ते ८ असेल तर रिलॅक्स्ड आणि त्याहून जास्त, १० इंचांच्या आसपास, तर ओव्हरसाइज. प्रत्येक कंपनीचे आकडे इंच-दोन इंच इकडेतिकडे होतात. ताणणाऱ्या टी-शर्टला तर याहून कमी लूज पुरतो. माझा माल मात्र सरळसरळ रेग्युलर होता.

मग फोटोत तो ऐसपैस का दिसला? व्यापाऱ्याला फोन करून विचारलं, तर मुलाची छाती ३६ आणि अंगावर एक्सएल. एक्सएलची छाती ४६, म्हणजे त्याच्या अंगावर १० इंच लूज आपोआप झाला. लूजचा आकडा ओव्हरसाइजचा, पण बेतणी रेग्युलरची. ही गल्लत फोटोतच ओळखता आली असती, कारण खूण खांद्यावर असते.

बाही जिथे जोडतात ती शिवण बघायची. स्लिम शर्टात ती खांद्याच्या हाडाच्या टोकावर किंवा किंचित आत असते, रेग्युलरमध्ये टोकावर. रिलॅक्स्डमध्ये अर्धा-एक इंच खाली उतरते. ओव्हरसाइजमध्ये दोन-अडीच इंच उतरून दंडावर येते आणि हाफ बाही कोपराजवळ पोचते. त्या मुलाचा खांदा १७ इंच, शर्टाचा १९; म्हणजे शिवण दोन्ही बाजूंना एकेक इंचच उतरलेली. खऱ्या ओव्हरसाइजचा खांदा त्याला २१-२२ इंच लागला असता. दुसरी खूण कॉलरची. मोठ्या साइजमध्ये कॉलर आणि उंचीही वाढते. ओव्हरसाइज बेतताना मात्र रुंदी आणि मुंढा वाढवतात, कॉलर गळ्याच्या मापाचीच ठेवतात. माझ्या फोटोत वरचं बटण लावलेलं असूनही गळ्याभोवती दोन बोटं जागा होती. ती मला दिसली होती, पण मी तिचा अर्थ लावला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

कापडाच्या पडण्यावरून अंदाज येतो, पण त्यावर एकट्यावर विसंबू नये. बटणापासून दोन्हीकडे तिरक्या सुरकुत्या ओढलेल्या दिसल्या तर शर्ट अंगाला कमी पडतोय. ओव्हरसाइजमध्ये हात खाली असताना काखेजवळ कापडाची जाड घडी जमते, कारण त्या बाहीचा माथा चपटा कापलेला असतो. पण तोच बेत जाड कॉटनमध्ये अंगापासून दूर उभा राहतो आणि रेयॉनमध्ये अंगालगत गळतो, म्हणून रेयॉनचा रिलॅक्स्ड शर्ट फोटोत रेग्युलर वाटू शकतो. पुतळ्यावरच्या शर्टाला मागून चिमटे लावलेले असले, तर समोरून तो स्लिमच दिसणार. कमरेवर हात ठेवला की खांद्याची शिवणही जागची हलते. काळ्या कापडात ती दिसतच नाही, आणि रॅगलन बाहीत तर शिवण गळ्यापासूनच निघते. तिथे खांद्याची खूण चालत नाही, छातीचं मापच घ्यावं लागतं.

आता फोटोवर माल घ्यायची वेळ आलीच, तर मी दोन फोटो मागतो: हात खाली सोडून सरळ उभ्या माणसाचा, आणि शर्ट सपाट पसरून काखेत व खांद्यावर टेप ठेवलेला. सोबत त्या माणसाची छाती, खांदा आणि अंगावरची साइज विचारतो. उरलेले ४४ शर्ट मी ‘रेग्युलर’ अशी चिठ्ठी लावून, ज्याला जे माप बसतं त्याला विकले. दिवाळीपर्यंत संपले.