12 ने भाग जातो, म्हणून?

गेल्या वर्षी दहावीच्या मुलांना मी गृहपाठ दिला होता: √12 ही अपरिमेय संख्या आहे, हे सिद्ध करा. एका वहीतली सिद्धता इतकी नेटकी होती की मी पैकीच्या पैकी गुण दिले. ती यंत्राकडून उतरवून घेतली होती, हे मुलानेच नंतर सांगितलं. पण चूक माझी होती. मी ओळी पाहिल्या, त्यांतला ‘म्हणून’ तपासला नाही.

सिद्धता अशी होती. √12 = a/b मानू; a आणि b सहमूळ. मग a² = 12b². a² ला 12 ने भाग जातो, म्हणून a लाही 12 ने भाग जातो. a = 12c घातलं की b² = 12c² येतं, म्हणून b लाही 12 ने भाग जातो. हा विरोधाभास. सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी वर्गात ती फळ्यावर लिहिली. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “सर, a 6 असेल तर?” 6 चा वर्ग 36. 36 ला 12 ने भाग जातो, 6 ला जात नाही. फळ्यावरची सगळी इमारत त्या एका ओळीवर उभी होती आणि ती ओळच खोटी निघाली.

√2 किंवा √3 च्या सिद्धतेत हीच ओळ खरी असते, कारण 2 आणि 3 या मूळ संख्या आहेत. 12 मूळ नाही. पाठ्यपुस्तकातला साचा उचलून त्यात फक्त संख्या बदलली होती. निष्कर्ष खरा असल्यामुळे पोकळी दिसत नव्हती. इथे 3 ने भाग जातो असं म्हणायला हवं होतं: a = 3c, मग 3c² = 4b²; 3 ने 4 ला भाग जात नाही, म्हणून b² ला जातो आणि म्हणून b ला.

तेव्हापासून मी एक करतो. सिद्धतेत 12 च्या जागी 4 घालतो. वरची सिद्धता जशीच्या तशी चालते आणि √4 अपरिमेय ठरते! खोट्या गोष्टीलाही जी सिद्धता लागू पडते, तिच्यात कुठेतरी भोक असतंच. या चाचणीत टिकली म्हणजे सिद्धता बरोबरच, असं मात्र नाही. प्रत्येक ‘म्हणून’ला कारण विचारावंच लागतं.

विज्ञानातही हेच. 5 किलोचा ठोकळा, स्थितिक घर्षणांक 0.4, आडवं बल 10 न्यूटन, ठोकळा स्थिर. उत्तरात ‘घर्षण = μN = 20 न्यूटन’ असं येतं. पण घर्षण खरंच 20 असतं तर ठोकळा ढकलणाऱ्याच्या दिशेने सरकला असता. 20 ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष घर्षण 10 न्यूटनच.

शिक्षक मित्रांनो, वही कुणी लिहिली याच्या शोधात वेळ घालवू नका. हाताने लिहिणारी मुलंही हीच चूक करतात. त्या एका ‘म्हणून’खाली रेघ ओढा, शेजारी ‘का?’ लिहा आणि मुलाला फळ्यापाशी बोलवा.