१.२ म्हणजे समान अंतरावरच्या वस्त्या?

प्रश्न : १०० चौ. किमी क्षेत्रातील १६ गावांची, प्रत्येकाच्या सर्वांत जवळच्या गावापर्यंतची सरळ अंतरे नकाशावर मोजली असता सरासरी १.५ किमी आली आणि निकटतम शेजारी निर्देशांक १.२ मिळाला. तो १ पेक्षा जास्त असल्याने वस्त्या समान अंतरावर आहेत, असे लिहावे का?
– भूगोलाची विद्यार्थिनी

उत्तर : आपले गणित बरोबर आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. क्लार्क व इव्हान्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत ० म्हणजे पूर्ण एकवटलेली, १ म्हणजे यादृच्छिक, अर्थात कोणताही नियम नसलेली, आणि २.१५ म्हणजे पूर्णतः समान अंतराची मांडणी होय.

घनता, म्हणजे दर चौ. किमीमागील गावे, १६ ÷ १०० = ०.१६ असून तिचे वर्गमूळ ०.४ येते. यादृच्छिक मांडणीत अपेक्षित सरासरी अंतर १ ÷ (२ × ०.४) = १.२५ किमी, म्हणून निर्देशांक १.५ ÷ १.२५ = १.२ होतो.

परंतु एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. त्याची कसोटी प्रमाण त्रुटीने लागते : ०.२६१ ÷ √(१६ × ०.१६) = ०.१६३. फरक ०.२५ भागिले ०.१६३ म्हणजे सुमारे १.५३, हे मूल्य १.९६ पेक्षा कमी असल्याने मांडणी यादृच्छिक नाही, असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येत नाही.

सीमाही जपून आखावी, कारण त्याच गावांभोवतीचा निर्जन डोंगर धरून क्षेत्र ४०० चौ. किमी केल्यास निर्देशांक ०.६ होतो आणि तीच गावे एकवटलेली ठरतात. म्हणून निष्कर्षासोबत क्षेत्राची सीमा व ती निवडण्याचे कारण अवश्य नोंदवावे.