कलप लावण्याआधी हातावर परीक्षा

आमच्या कोरेगाव तालुक्यात एक गृहस्थ आहेत. त्यांच्या पुतण्याचे लग्न रविवारी सांगलीला होते. त्यांनी कलपाची नवी पुडी आणली. आम्ही म्हणालो, "अण्णा, आधी हातावर लावून बघा."

ते म्हणाले, "गुरुजी, दहा वर्षं कलप लावतोय. कधी खाजसुद्धा आली नाही. आता काय होतंय?"

इथेच माणूस फसतो. पुष्कळ काळ्या कलपांत पीपीडी नावाचे रसायन असते. ते अंगाला वर्षानुवर्षे सोसते आणि एके दिवशी सोसेनासे होते. मग डोके खाजते, लस वाहते, डोळे सुजून बंद होतात. म्हणून परीक्षा दर वेळी करायची. अशा कलपाच्या पुडीवर तशी सूचना छापावी, असा सरकारी नियमच आहे.

अण्णांनी ऐकले. बुधवारी संध्याकाळी ७ वाजता त्यांनी कोपराच्या आतली बाजू साबणाने धुऊन कोरडी केली. पुडीवर लिहिल्याप्रमाणे चिमूटभर कलप कालवला. रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका लावला आणि वाळू दिला. वर पट्टी बांधली नाही. गुरुवारी ७ वाजता ठिपका हलक्या हाताने धुतला. कातडीवर काळा डाग राहिला, बाकी काही नाही.

अण्णा म्हणाले, "झालं की! पास!"

आम्ही म्हणालो, "थांबा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत बघू." कारण कलपाची बाधा उशिरा उठते. कधी दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी.

शुक्रवारी सकाळी हात खाजू लागला. आता निकाल कसा वाचायचा? नुसता काळा डाग म्हणजे बाधा नव्हे, तो रंग आहे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून डोळे मिटून जागेवरून बोट फिरवा. जागा आजूबाजूच्या कातडीसारखी सपाट लागली आणि खाज नसेल, तर बाधा दिसली नाही, असे समजा. जागा उंच, गरम किंवा खरखरीत लागली, पुरळ वा पाण्याचे फोड आले, तर कलप लावू नका. अण्णांच्या बोटाला बारीक पुरळ लागले. त्यांनी कलप लावला नाही. डोक्याला फेटा बांधून ते लग्नाला गेले.

बाधा उठली तर दुसऱ्या कंपनीची पुडी आणून भागत नाही. तिच्यातही तेच रसायन असू शकते. 'काळी मेंदी' म्हणून विकतात तिच्यातही ते असते. नुसत्या मेंदीच्या पाल्याने केस तांबूस होतात, काळे होत नाहीत.

ज्यांना पूर्वी कलपाने त्रास झाला आहे, त्यांनी ही परीक्षाही घरी करू नये. डॉक्टरांना विचारावे. कलप भुवयांना व पापण्यांना कधीच लावू नये, डोळा जाऊ शकतो. तोंड सुजले किंवा दम लागला, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

प्रश्न : १. लग्न रविवारी आहे आणि कलप शनिवारी लावायचा आहे. परीक्षा कोणत्या दिवशी सुरू कराल?
२. गुरुवारी हात चांगला दिसत असूनही अण्णांना आम्ही का थांबवले?